डॉलरचा एक रुपया, तेलाच्या किलोचा एक रुपया : ग्राहक संघटनांच्या कार्यकर्त्यांना खुले पत्र

प्रति,
शहरातल्या ग्राहक संघटनांचे सर्व कार्यकर्ते

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात तुमच्यापैकी पंधरा-वीस जण आमच्या बाजारात फलक घेऊन आलात. फलकावर लिहिलं होतं : ‘डॉलर स्वस्त, तेल महाग. हिशेब द्या!’ तुमच्यातल्या एका काकांनी माझ्या टेबलावर वर्तमानपत्र ठेवलं आणि बातमीवर बोट ठेवून विचारलं, ‘रुपया ४० पैशांनी वधारलाय. मग पिशवी पाच रुपयांनी का उतरली नाही?’ आमचे शेठ मागच्या दाराने निघून गेले होते, त्यामुळे उत्तर द्यायची पाळी माझ्यावर आली. मी काहीतरी पुटपुटले आणि तुम्ही वैतागून परत गेलात. ते उत्तर आता नीट लिहून देते.

खाद्यतेल आयात करणाऱ्या पेढीवर मी वीस वर्षांहून जास्त काळ हिशेब सांभाळते आहे. सुरुवात मशीद बंदरात झाली, आता वाशीत असते. शेठच्या बाजूने वकिली करायचा माझा विचार नाही. घरी मीही तीच पिशवी विकत आणते.

आधी एक सोपा मेळ सांगते. कच्च्या पामतेलाचा भाव टनाला हजार डॉलरच्या आसपास असतो तेव्हा हा मेळ डोक्यात ठेवायला फार बरा पडतो. टन म्हणजे हजार किलो. हजार डॉलरला हजार किलो, म्हणजे एक डॉलरला एक किलो. त्यामुळे डॉलर एका रुपयाने महागला की तेल किलोमागे एका रुपयाने महाग पडतं. डॉलर ४० पैशांनी उतरला की किलोमागे ४० पैसे वाचतात. एक लिटरच्या पिशवीत ९१० ग्रॅम तेल असतं, तेव्हा पिशवीमागे झाले ३६ पैसे. काकांना हवे असलेले पाच रुपये त्या बातमीत नव्हतेच.

आता दुसरी बाजू. परदेशात पामतेलाचा भाव टनाला फक्त दहा डॉलरने हलला, तर ८५ रुपयांच्या डॉलरने ते किलोमागे ८५ पैसे होतात. दहा डॉलर ही त्या बाजारात एका दुपारची हालचाल असते. रुपयाला तेवढं सरकायला बरेचदा आठवडा जातो. वर्तमानपत्र मात्र रुपयाला पहिल्या पानावर घेतं आणि पामतेलाच्या भावाला कुठल्याच पानावर घेत नाही. म्हणून तुमचं बोट चुकीच्या ओळीवर गेलं.

रुपया मुळात हलतो कशाने, हे पेढीवरून जसं दिसतं तसं सांगते. टीव्हीवर ‘रुपया कोसळला’ असं ऐकलं की वाटतं, देशाचं काहीतरी मोडलं. प्रत्यक्षात तो एक बाजार आहे आणि तिथे डॉलर नावाचा माल विकला जातो. माल आणतात ते निर्यातदार, परदेशी ग्राहकांकडून पैसे घेणाऱ्या आयटी कंपन्या, दुबई-कतारहून घरी पैसे पाठवणारी माणसं आणि इथले शेअर किंवा रोखे घ्यायला आलेले परदेशी गुंतवणूकदार. माल उचलतात कच्चं तेल आणणाऱ्या सरकारी कंपन्या, सोनं आणणारे, आमच्यासारखे खाद्यतेलवाले, परदेशी शिकणाऱ्या मुलांचे आईबाप आणि पैसे काढून परत निघालेले तेच परदेशी गुंतवणूकदार. ज्या दिवशी उचलणारे जास्त, त्या दिवशी डॉलर महाग. महिनाअखेरीला पेट्रोलियम कंपन्या देणी भागवायला बाजारात उतरल्या की बँकेतला आमचा माणूस फोनवर सांगतो, ‘ताई, आज थांबा जरा.’

या बाजारात एक मोठा गिऱ्हाईक आणखी असतो, रिझर्व्ह बँक. तिच्याकडे डॉलरचा साठा आहे. रुपया फार वेगाने घसरू लागला की ती सरकारी बँकांमार्फत डॉलर विकते, आणि फार वधारू लागला की विकत घेऊन साठा वाढवते. रुपया अमुक आकड्यावर ठेवायचाच, असं आपलं धोरण नाही. तिचं जाहीर म्हणणं एवढंच, की चढउतार अंगावर येईल इतका होऊ नये. साठा कितीही मोठा असला तरी तो विहिरीसारखा असतो. उपसा चालू राहिला तर पाणी खाली जातंच. सप्टेंबर २०२१ मध्ये हा साठा ६४० अब्ज डॉलरच्या वर होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो ५३० अब्जांच्याही खाली आला. यातला काही भाग डॉलर विकल्यामुळे गेला. उरलेला, साठ्यातले युरो आणि पौंड डॉलरच्या मानाने स्वस्त झाल्यामुळे आणि रोख्यांच्या किमती पडल्यामुळे कागदावर घटला.

त्या वर्षी असं काय झालं होतं? आपल्याकडे काही जळालं नव्हतं. महागाई आवरण्यासाठी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने मार्च २०२२ पासून व्याजदर वाढवायला सुरुवात केली आणि शून्याच्या जवळ असलेला दर डिसेंबरपर्यंत सव्वाचार टक्क्यांच्या वर नेला. घरच्या बँकेत, डॉलरमध्येच, बिनजोखमीचं चार टक्के व्याज मिळत असेल तर परदेशी माणूस मुंबईत पैसा कशाला ठेवील? तो शेअर विकतो, हातात आलेल्या रुपयांचे डॉलर करतो आणि निघतो. त्यात युक्रेनच्या युद्धामुळे कच्चं तेल महागलं आणि तेल कंपन्यांना जास्त डॉलर लागू लागले. दोन्हींनी मिळून जुलैत डॉलर ८० रुपयांवर आणि ऑक्टोबरात ८३ वर नेला. पण त्या काळात पौंड, येन आणि युरोही डॉलरपुढे घसरत होते, रुपयापेक्षा जोराने. लंडनहून पौंडात माल आणणाऱ्याला काही आठवडे रुपया उलट वधारलेला दिसला असता. ‘रुपया घसरला’ हे वाक्य म्हणूनच अर्धं आहे. कशापुढे घसरला ते विचारायचं, आणि तुमच्या मालाचं बिल कोणत्या चलनात बनतं तेही.

आमचं बिल डॉलरमध्ये बनतं. तेल मलेशियाचं असो की इंडोनेशियाचं, देणं डॉलरमध्ये. पण पामतेलाचा भाव जिथे ठरतो तो मोठा वायदेबाजार क्वालालंपूरला आहे आणि तिथे भाव रिंगिटमध्ये, म्हणजे मलेशियाच्या चलनात, बोलला जातो. म्हणजे आमच्या एका पिशवीत तीन चलनं असतात. याचा सगळ्यात चांगला धडा २०२२ नेच दिला.

मार्च २०२२ च्या सुरुवातीला क्वालालंपूरला पामतेलाच्या वायद्याने टनाला ७,००० रिंगिटची पातळी ओलांडली. तेव्हा एका डॉलरला साधारण ४.२ रिंगिट आणि साडेशहात्तर रुपये मोजावे लागत. ७,००० रिंगिट म्हणजे सुमारे १,६६७ डॉलर, म्हणजेच किलोला साधारण १२७ रुपये ५० पैसे. भाडं, विमा, शुल्क यात धरलेलं नाही. पुढे एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यातच बंद केली, मे महिन्यात पुन्हा सुरू केली आणि तिथे तुंबलेला माल बाजारात लोटला. सप्टेंबरच्या अखेरीस तोच वायदा ३,५०० रिंगिटच्या खाली उतरला. आपण ३,५०० धरू. तोवर डॉलर ४.६ रिंगिटच्या आसपास आणि साडेएक्याऐंशी रुपयांवर गेला होता. आता हिशेब मांडा. ३,५०० भागिले ४.६ म्हणजे ७६१ डॉलर, आणि त्याचे ६२ रुपये किलो.

रुपया सहा महिन्यांत पाच रुपयांनी पडला आणि तेल अर्ध्याहून स्वस्त झालं. रुपया मार्चच्याच जागी राहिला असता तर तेच तेल ५८ रुपयांना पडलं असतं. म्हणजे रुपयाच्या घसरणीने आपले किलोमागे चार रुपये खाल्ले, पण भावाच्या उतरणीपुढे ते कुणाला दिसले नाहीत. गंमत पुढे आहे. रिंगिटही त्याच वेळी पडला नसता तर ३,५०० रिंगिटचे ८३३ डॉलर झाले असते आणि किलो ६८ रुपयांना पडला असता. विकणाऱ्या देशाचं चलनही आपल्याबरोबर घसरलं म्हणून सहा रुपये वाचले. रुपयाचा आलेख एकट्याने पाहून यातलं काहीही कळलं नसतं.

आता तुमच्या खऱ्या तक्रारीकडे येते. आज डॉलर उतरला तर आजची पिशवी का उतरत नाही? कारण त्या पिशवीतल्या तेलाला एक दर नसतो. तीन तारखांचे तीन दर असतात, आणि आजचा दर त्यात कुठेच नसण्याची शक्यता जास्त.

एक सौदा धरून चालू. आकडे मी सोयीसाठी गोल घेतले आहेत, रीत मात्र अगदी खरी. ५०० टन कच्चं पामतेल, बंदरापर्यंत पोचवून टनाला १,००० डॉलर. सौदा झाला त्या दिवशी डॉलर ८४ रुपये. शेठने मनात किंमत धरली ८४ रुपये किलो, आणि त्यावर हिशेब करून पुढच्या महिन्याचे काही सौदे रिफायनरीवाल्यांशी करून टाकले. ही पहिली तारीख.

सुमात्राहून बोट न्हावा-शेव्याला यायला दहा-बारा दिवस लागतात. (सोयाबीन तेल अर्जेंटिनाहून येतं, त्याला सहा आठवडेही लागतात. तेवढे दिवस डॉलरची टांगती तलवार जास्त.) माल आला की कस्टम्समध्ये बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाची नोंद करणारा कागद, भरायचं. इथे बाजाराचा दर चालत नाही. कस्टम्स स्वतःचा दर जाहीर करतं, महिन्यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या गुरुवारी, आणि आयातीसाठीचा दर निर्यातीपेक्षा थोडा चढा असतो. बिल ऑफ एंट्री भरलं त्या दिवशी जो जाहीर दर चालू, तोच लागतो. समजा तो ८५ आहे. शिवाय पामतेलाचं शुल्क आमच्या बिलातल्या भावावर लागत नाही. त्यासाठी सरकार दर पंधरवड्याला डॉलरमध्ये एक टॅरिफ व्हॅल्यू ठरवून देतं. आपण ती १,०१० डॉलर धरू. मे २०२५ च्या अखेरीपासून कच्च्या पामतेलावर मूळ शुल्क, कृषी सेस आणि अधिभार मिळून १६.५ टक्के बसतात. १,०१० गुणिले ८५, त्याचे साडेसोळा टक्के, म्हणजे टनाला सुमारे १४,१६५ रुपये. किलोला चौदा रुपये सतरा पैसे. ही दुसरी तारीख.

इथे जरा थांबते, कारण ही गोष्ट कुणी बोलत नाही. शुल्क टक्क्यांत असल्यामुळे रुपया घसरला की शुल्कही आपोआप वाढतं. दर ८४ असता तर याच मालावर टनाला १६७ रुपये कमी भरावे लागले असते. सरकारने एक अक्षरही बदललं नाही, तरी किलोमागे १७ पैसे जास्त गेले. वर पाच टक्के आयजीएसटी असतो. त्याचा परतावा आम्हाला पुढच्या विक्रीत मिळतो, पण शेवटी तो ग्राहकाच्या बिलात जाऊन बसतोच.

तिसरी तारीख पैसे भरण्याची. माल आमच्याकडे आला तरी पैसे लगेच जात नाहीत. एलसी, म्हणजे पैसे देण्याची बँकेने घेतलेली हमी, ९० दिवसांच्या मुदतीचं असेल तर तीन महिन्यांनी जातात. तोवर ते तेल शुद्ध होऊन, पिशव्यांत भरून, तुमच्या कढईत भजी तळून संपलेलं असतं! आणि त्या दिवशी डॉलर ८६ झाला असेल, तर शेठला टनाला ८६,००० रुपये द्यावे लागतात. धरले होते ८४,०००. किलोमागे दोन रुपये अंगावर, शुल्कातले सतरा पैसे वेगळे. विकून झालेल्या तेलाची किंमत मागाहून वाढली. ती आता कुणाकडून घ्यायची?

हे मी कल्पनेने लिहीत नाही. २०१३ साल आमच्या पेढीने असंच काढलं. त्या वर्षी २२ मे रोजी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे प्रमुख बेन बर्नांकी यांनी, आपण बाजारात ओतत असलेला पैसा हळूहळू कमी करू शकतो, एवढंच सूचित केलं. प्रत्यक्षात त्या दिवशी काही कमी केलं नव्हतं. पण उद्या व्याज वाढेल या नुसत्या अंदाजाने पैसा उगवत्या देशांतून परत फिरला. आपल्याला त्याची झळ जास्त लागली, कारण आधीच्या वर्षी परदेशांशी चाललेल्या व्यवहारांत आपली तूट देशाच्या उत्पन्नाच्या पावणेपाच टक्क्यांच्या वर गेली होती. ती तूट रोज बाहेरून येणाऱ्या पैशाने भरली जात होती, आणि तो यायचाच थांबला.

आम्ही जूनमध्ये पाच लाख डॉलरचा माल घेतला तेव्हा डॉलर ५७ च्या आसपास होता. धरलेली किंमत दोन कोटी ८५ लाख. देणं ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात होतं. २८ ऑगस्टला रुपया ६८ च्याही पलीकडे गेला. आम्ही ६७ ने डॉलर घेतले. तीन कोटी ३५ लाख. पन्नास लाखांचा फरक, आणि तेल जुलैतच विकून झालेलं. त्या दिवशी शेठ डबा न उघडताच घरी गेले. त्याच दिवशी रिझर्व्ह बँकेने सरकारी पेट्रोलियम कंपन्यांना बाजारात न उतरता थेट आपल्याकडून डॉलर घ्यायची सोय केली, पुढच्या आठवड्यात रघुराम राजन गव्हर्नर झाले, अनिवासी भारतीयांच्या ठेवींना सवलतीच्या दराने संरक्षण देऊन त्यांनी काही महिन्यांत अब्जावधी डॉलर देशात आणले आणि रुपया सावरला. आमचे पन्नास लाख मात्र सावरले नाहीत.

तो तोटा तुम्ही भरला नाहीत, हे खरं. पण सप्टेंबरमध्ये आलेल्या पुढच्या मालावर शेठने जो भाव लावला, त्यात थोडी वसुली होती, हेही खरं. खातं माझ्याच हाताखालचं आहे, मला नाही म्हणता येणार नाही.

तुम्ही विचाराल, यावर उपाय नाही का? आहे. बँकेशी आजच करार करायचा, की तीन महिन्यांनी मला इतके डॉलर या ठरलेल्या दराने द्या. आमच्या भाषेत याला ‘कव्हर घेणं’ म्हणतात. ते फुकट मिळत नाही. रुपयावरचं व्याज डॉलरवरच्या व्याजापेक्षा जितकं जास्त, साधारण तितका प्रीमियम लागतो. वर्षाला दोन टक्के धरले तर ८४ च्या डॉलरला तीन महिन्यांचे ४२ पैसे. म्हणजे तीन महिन्यांनंतरचा पक्का दर ८४ रुपये ४२ पैसे. आमच्या हजार डॉलरच्या टनाला किलोमागे ४२ पैसे आधीच जास्त. २०१३ पासून शेठ न चुकता कव्हर घेतात. त्याचा अर्थ असा, की नंतर डॉलर ८२ वर उतरला तरी आम्हाला तो ८४ रुपये ४२ पैशांनीच घ्यावा लागतो. तुम्ही फलक घेऊन आलात तेव्हा आमच्या टाकीतलं तेल नेमकं असं होतं. घसरणीपासून वाचण्यासाठी आम्ही उतरणीचा फायदा आधीच विकून टाकलेला होता.

आता जिथे तुमचं बरोबर आहे, ते. परदेशात भाव चढला किंवा रुपया पडला, की बाजारात दुसऱ्या दिवशी भाव चढतो. टाकीतलं तेल जुन्या दराचं असलं तरी. कारण सांगतात, ‘उद्याचा माल महाग येणार आहे, हा विकून तो घ्यायचाय.’ उतरताना मात्र तोच व्यापारी म्हणतो, ‘माझ्याकडे महाग माल पडलाय, तो संपू दे.’ चढताना उद्याचा भाव आणि उतरताना कालचा, असं दोन्ही हातांनी चालतं. बंदरातली टाकी, रिफायनरी, वितरक, दुकान हा प्रवास महिना-दीड महिन्याचा असतो. तेवढा उशीर समजण्यासारखा आहे. त्याहून जास्त झाला, तर तो डॉलरमुळे नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या अन्न विभागाला खाद्यतेल कंपन्यांना बोलावून एमआरपी कमी करा असं सांगावं लागलं, ते याच कारणाने.

हे ओळखायचं कसं? पिशवीवरची पॅकिंगची तारीख पाहा. त्याच्या दीड-दोन महिने मागे जा. त्या पंधरवड्यातला कस्टम्सचा जाहीर दर आणि टॅरिफ व्हॅल्यू दोन्ही सरकार उघडपणे प्रसिद्ध करतं. एकमेकांशी गुणा, हजाराने भागा, शुल्काचे टक्के मिळवा. आमच्या वरच्या उदाहरणात हे १,०१० गुणिले ८५, म्हणजे किलोला ८५ रुपये ८५ पैसे, अधिक शुल्क १४ रुपये १७ पैसे. सगळं मिळून शंभर रुपये. त्यावर शुद्धीकरण, घट, पॅकिंग, ट्रकभाडं, वितरकाचं आणि दुकानदाराचं कमिशन आणि जीएसटी. हा वरचा भाग रुपयांतला आहे. डॉलर हलला म्हणून तो लगेच हलत नाही. म्हणूनच रुपया दोन टक्क्यांनी पडला तर पिशवी दोन टक्क्यांनी महाग होत नाही, त्याहून कमीच व्हायला हवी. कुणी ‘रुपया पाच टक्के पडला म्हणून एमआरपी पाच टक्के वाढवली’ असं सांगितलं, तर त्याला तिथेच धरा. दोन पंधरवड्यांचे असे आकडे शेजारी ठेवले, आणि मधला रुपयांतला भाग विनाकारण फुगलेला दिसला, तर फलक घेऊन जरूर या. त्या दिवशी शेठला मी मागच्या दाराने जाऊ देणार नाही.

आणि थोडं दिल्लीकडेही पाहा. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलांवरचं एकूण शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीसवर गेलं, मे २०२५ च्या अखेरीस ते साडेसोळावर आलं. वरच्याच मालावर साडेसत्तावीस आणि साडेसोळा यांतला फरक किलोला साधारण साडेनऊ रुपयांचा पडतो. एवढा परिणाम व्हायला डॉलर एका रात्रीत आठ रुपयांनी हलावा लागेल. अशी रात्र माझ्या नोकरीत एकदाही आलेली नाही.

शुल्क शून्य करा, अशी मागणी मात्र विचार करून करा. आपण खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून जास्त तेल बाहेरून आणतो, त्यामुळे इथल्या तेलाचा भावही बाहेरच्या भावाला टेकून चालतो. पामतेल स्वस्त पडलं की लातूरच्या गिरणीतलं सोया तेल उतरतं आणि गिरणीवाला शेतकऱ्याला सोयाबीनचा भाव कमी सांगतो. सोयाबीनमधून तेल निघतं जेमतेम अठरा टक्के, बाकी बहुतेक पेंड. त्या पेंडीतली काही निर्यात होते, डॉलरमध्ये. रुपया पडला की तिचे रुपये जास्त येतात. माझं माहेर औशाजवळ आहे. मी वाशीत बसून रुपया वधारावा म्हणून देव पाण्यात ठेवते, तेव्हा माझा भाऊ बहुधा उलटा देव ठेवत असतो.

काकांनी विसरलेलं वर्तमानपत्र माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. त्याच्या समासात मी त्या आठवड्याच्या मालाचा वरच्या पद्धतीने हिशेब लिहून ठेवला आहे. किलोमागे एक रुपया दहा पैसे उतरायला हवे होते, आणि पिशवी उतरली नव्हती. येऊन घेऊन जा.

आपली,
तेलाच्या पेढीवरची एक हिशेबनीस
वाशी, नवी मुंबई